ज्ञानेश्वरीतील श्लोकविस्तार : भगवद्‌गीता, अध्याय 6, श्लोक 14

भगवद्‌गीतेवरील ज्ञानदेवांची मराठी टीका भावार्थदीपिका, म्हणजेच ज्ञानेश्वरी, शके 1212 (इ. स. 1290) मध्ये नेवासे येथे पूर्ण झाली. नेवासे हे पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. शके 1218 (इ. स. 1296) मध्ये ज्ञानदेवांनी आळंदी येथे समाधी घेतली. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यालगत इंद्रायणीकाठी वसलेली आळंदी आजही या ग्रंथाच्या पठणाचे प्रमुख केंद्र आहे. गीतेचे सुमारे 700 श्लोक ज्ञानेश्वरीत सुमारे 9,000 ओव्यांएवढे झाले आहेत. हा विस्तार सर्वत्र सारखा नाही. काही श्लोक दोनचार ओव्यांत आटोपतात, तर काहींना शेकडा ओव्या लागतात. पारायणात श्लोक व ओव्या सलग वाचल्या जात असल्याने ओवीतील सर्व आशय मूळ श्लोकात आहे, असा समज सहज होतो. तो कितपत खरा आहे हे पाहण्यास सहाव्या अध्यायातील चौदावा श्लोक विशेष उपयोगी आहे.

मूळ श्लोक : हा श्लोक ध्यानयोगाच्या वर्णनात येतो. त्याआधीच्या तीन श्लोकांत शुद्ध जागी आसन कसे मांडावे, मन कसे एकाग्र करावे, शरीर, मस्तक व मान सरळ आणि दृष्टी स्थिर कशी ठेवावी, हे सांगितले आहे. चौदाव्या श्लोकात साधकाची मनःस्थिती येते. त्याचे अंतःकरण शांत असावे, भय गेलेले असावे, त्याने ब्रह्मचाऱ्याचे व्रत पाळावे, मन आवरावे आणि भगवंतावर चित्त ठेवून, त्यालाच अंतिम मानून बसावे, एवढाच श्लोकाचा शब्दार्थ आहे. शंकराचार्यांच्या भाष्यातही या शब्दांचाच उलगडा आहे; ब्रह्मचाऱ्याचे व्रत म्हणजे ब्रह्मचर्य, गुरुसेवा, भिक्षान्नावर निर्वाह इत्यादी, असे ते सांगतात. नाडी, चक्र वा कुंडलिनी यांचा तेथे उल्लेख नाही.

ओव्यांतील विस्तार : आसनाच्या श्लोकांपासूनच ज्ञानदेव वेगळ्या वाटेने जाऊ लागतात. गीतेत केवळ सरळ बसणे आहे. ज्ञानेश्वरीत मूळबंध, जालंधरबंध व उड्डियानबंध हे हठयोगातील तीन बंध येतात. या बंधांमुळे अपानवायू खाली जाण्याऐवजी वर वळतो. पुढे चौदाव्या श्लोकाच्या टीकेत कुंडलिनी जागी होते. कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलाची उपमा तिला दिली आहे. ती भुकेने शरीरातील मांस व सप्तधातू ग्रासते, पृथ्वी व जल या तत्त्वांचे शोषण करते आणि मग तृप्त होते. जुनी त्वचा गळते, शरीराला नवी कांती येते, नखे व दात नवे येतात, देह हलका होतो. त्यानंतर ती वायुरूप होऊन अनाहत नादाच्या स्थानातून वर चढते आणि अखेर ब्रह्मरंध्रात लय पावते. हे वर्णन सुमारे शंभर ओव्यांचे आहे. त्यानंतर अर्जुन विचारतो की, अशा योगाला लागणारी योग्यता कोणती. श्रीकृष्ण त्याचे उत्तर देतात. हा संवादही गीतेत या ठिकाणी नाही. मूळ अध्यायात अर्जुन बराच नंतर, तेहतिसाव्या श्लोकात, बोलतो.

मूळ व विस्तार यांचा विवेक : या टीकेत तीन थर दिसतात. पहिला थर शब्दार्थाचा. शांती, निर्भयता, मनाचा निग्रह हे श्लोकातील शब्दांना धरून आहे. दुसरा थर दृष्टांतांचा. उपमा अर्थ बदलत नाही; तो डोळ्यांसमोर उभा करते, आणि ती काढली तरी विधान शिल्लक राहते. तिसरा थर संप्रदायाच्या सिद्धांताचा. कुंडलिनीचे प्रकरण वगळले तरी श्लोकातील एकही पद निरर्थ राहत नाही, आणि श्लोकातील कोणत्याही पदाचा केवळ शब्दार्थ घेऊन ते प्रकरण काढताही येत नाही. ओवीतील एखादे विधान मूळचे की टीकाकाराचे हे ठरविताना श्लोकाच्या कोणत्या पदाशी ते बांधता येते, हाच पहिला प्रश्न विचारावा लागतो.

तिसरा थर कोठून आला हे ज्ञानदेवांनी स्वतःच सांगितले आहे. वर्णनाच्या अखेरीस ते म्हणतात की, पिंडाने पिंड ग्रासण्याची ही खूण नाथांच्या संकेतातील आहे. महाविष्णूने तिचा केवळ उद्देश दाखविला. टीकाकाराने मूळ वचन व आपली भर यांमध्ये इतक्या उघडपणे रेषा ओढल्याची उदाहरणे थोडी. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी दिलेली मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही गुरुपरंपराही याच उगमाकडे बोट दाखविते. भाष्यकारांच्या मागाने आपण चाललो, असेही ते ग्रंथाच्या शेवटी सांगतात. पण येथे भाष्यात नसलेला विषय त्यांनी गुरुपरंपरेच्या आधाराने आणला आहे.

तथापि या भागाला गीतेशी असंबद्ध म्हणणेही योग्य नव्हे. प्राण व अपान यांचा परस्परांत होम, त्यांची गती सम करणे आणि प्राण मस्तकात नेणे हे विषय गीतेत चौथ्या, पाचव्या व आठव्या अध्यायांत आले आहेत. ज्ञानदेवांनी गीतेतील या विखुरलेल्या सूचनांना नाथयोगाची क्रमबद्ध प्रक्रिया जोडून ती ध्यानाच्या श्लोकावर मांडली, असे म्हणता येईल. त्यामुळे ‘गीतेत प्राणयोग आहे’ हे विधान बरोबर ठरते. ‘चौदाव्या श्लोकात कुंडलिनी सांगितली आहे’ हे मात्र ठरत नाही. ‘कुंडलिनी’ हा शब्द गीतेत कोठेही नाही.

विवेकाच्या मर्यादा : मूळ अर्थ म्हणून शांकरभाष्याकडे बोट दाखवितानाही सावध राहावे लागते. शंकराचार्यही एका दर्शनाचे प्रवर्तक आहेत आणि तेही अनेक ठिकाणी आपल्या मताप्रमाणे अर्थ लावतात. येथे त्यांचे भाष्य उपयोगी पडते ते शब्दार्थाला चिकटून असल्यामुळे, केवळ जुने असल्यामुळे नव्हे.

याशिवाय विस्ताराचा आणखी एक थर संभवतो, तो नकलाकारांचा. ज्ञानेश्वरीच्या प्रती पाठांतरांमुळे अशुद्ध झाल्याचे पाहून संत एकनाथांनी शके 1506 (इ. स. 1584) मध्ये तिचे संशोधन केले आणि मूळ ग्रंथात स्वतःच्या ओव्या घालणाऱ्यांना कठोर शब्दांत दोष दिला. वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये जुन्या हस्तलिखितावरून प्रसिद्ध केलेली प्रत आणि प्रचलित प्रत यांत पाठ व ओव्यांची संख्या यांचा फरक आढळतो. म्हणून एखादी सुटी ओवी विस्ताराचा पुरावा म्हणून देण्यापूर्वी ती निरनिराळ्या प्रतींत आहे की नाही, हे पाहावे लागते. नाथसंकेताचा उल्लेख असलेला कुंडलिनीचा भाग मात्र विवेचनाच्या सलग प्रवाहात बसतो व पुढे योग्यतेविषयीचा अर्जुनाचा प्रश्न त्यावरच आधारलेला आहे. त्यामुळे तो नंतर घुसडलेला मानण्यास कारण दिसत नाही. तो ज्ञानदेवांचाच आहे. केवळ तो व्यासांचा नाही.