मुंबई, हैदराबाद की स्टॉकहोम? तुमच्या ॲपचा सर्व्हर किती कार्बन सोडतो

मी जालन्यात बसून काम करतो, पण माझा कोड चालतो मुंबईत. म्हणजे एडब्ल्यूएसच्या `ap-south-1` या रीजनमध्ये. तिथे जळणारी वीज मला दिसत नाही, तरी तिचा हिशोब काढता येतो. एक उदाहरण घेऊन बघू.

समजा, मोसंबी बागायतदारांसाठी एक ॲप आहे. शेतकरी दिवसभर फळांचे फोटो टाकतात आणि रात्री दोन वाजता एक जॉब ते फोटो तपासून लहान करतो. त्यासाठी ८ व्हीसीपीयूचं एक `m6i.2xlarge` मशीन घेतलंय. जॉब दोन तासांत संपतो, मशीन मात्र चोवीस तास चालूच राहतं.

क्लाउड कार्बन फूटप्रिंट नावाचं एक ओपन सोर्स टूल आहे. त्याच्या अंदाजानुसार एडब्ल्यूएसचा एक व्हीसीपीयू रिकामा असताना ०.७४ वॉट आणि पूर्ण लोडवर ३.५ वॉट घेतो. जॉब ९० टक्के लोडवर चालला असं धरलं, तर त्या दोन तासांत साधारण ५२ वॉट-तास लागतात. उरलेले २२ तास मशीन काहीच करत नाही, तरी १३० वॉट-तास खातं. म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त वीज नुसती वाट बघण्यात जाते! महिन्याला एकूण साडेपाच युनिट. (कूलिंग, मेमरी, डिस्क यांची वीज यात धरलेली नाही.)

आता युनिटचा कार्बन. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३-२४ च्या आकड्यानुसार आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड निघत होता. म्हणजे या मशीनचे महिन्याला चार किलो. जॉब संपल्यावर मशीन बंद केलं तर फक्त १.१ किलो. स्क्रिप्टच्या शेवटी एवढंच लिहायचं:

```
aws ec2 stop-instances --instance-ids <id>
```

मग रीजन बदलून बघू. बऱ्याच जणांना वाटतं की मुंबईऐवजी हैदराबाद (`ap-south-2`) घेतलं की फरक पडेल. ग्रिडच्या बाजूने बघितलं तर जवळपास नाही. २०१३ च्या शेवटी दक्षिणेचं ग्रिड उर्वरित देशाशी जोडलं गेलं आणि प्राधिकरण आता अख्ख्या देशाला एकच आकडा देतं. स्टॉकहोमची (`eu-north-1`) गोष्ट वेगळी. स्वीडनची वीज मुख्यतः पाणी, अणुऊर्जा आणि वाऱ्यावर चालते, त्यामुळे तिथे युनिटमागे कार्बन ५० ग्रॅमच्याही आत येतो. तोच दोन तासांचा जॉब तिथे महिन्याला ८० ग्रॅमच्या आत बसेल.

मग सगळंच तिकडे का नेत नाही? स्टॉकहोम मुंबईपासून सहा हजार किलोमीटरहून लांब आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६० मिलीसेकंद गेलेच, आणि केबल काही सरळ रेषेत नसते. शेतकऱ्याने बटण दाबलं की लगेच उत्तर हवं असेल, तर तो भाग मुंबईतच ठेवावा. रात्रीच्या जॉबला मात्र कोणी वाट बघत नसतं. पेमेंटचा डेटा असेल तर प्रश्नच मिटला: २०१८ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार तो भारतातच साठवावा लागतो.

मुंबईतच राहायचं असेल तर मी आधी वेळ बदलेन. रात्री दोनला सोलर शून्य असतं आणि ग्रिड मुख्यतः कोळशावर असतं. दुपारी बाराला राजस्थान-गुजरातचं सोलर जोरात असतं. वर्षाच्या सरासरी आकड्यात हा फरक दिसत नाही, म्हणून कोणी त्याकडे बघतही नाही.

त्यानंतर मशीन. `m7g.2xlarge` मध्येही ८ व्हीसीपीयूच आहेत, पण आत एडब्ल्यूएसचा ग्रॅव्हिटॉन हा एआरएम प्रोसेसर आहे. (तुमच्या फोनमध्येही एआरएमच असतो, बॅटरी वाचवायला.) तेवढ्याच कामाला ६० टक्क्यांपर्यंत कमी वीज लागते असा कंपनीचा दावा आहे. तो 'पर्यंत' शब्द लक्षात ठेवा आणि आपला जॉब दोन्हीकडे चालवून वेळ मोजा. इंटेलसाठी बनवलेली डॉकर इमेज तशीच टाकली तर `exec format error` दिसेल. तेव्हा इमेज `linux/arm64` साठी पुन्हा बिल्ड करायची.

एक सापळा डॅशबोर्डवर आहे. ॲमेझॉन म्हणतं की २०२३ मध्ये आम्ही वापरलेल्या विजेएवढी अक्षय ऊर्जा खरेदी केली. त्यामुळे त्यांच्या कार्बन टूलमधला 'मार्केट-बेस्ड' आकडा मुंबईसाठीही खूप लहान दिसू शकतो. पण तुमच्या सर्व्हरला वीज येते ती याच ग्रिडमधून. दोन रीजनची तुलना करताना 'लोकेशन-बेस्ड' आकडाच घ्या, नाहीतर मुंबई आणि स्टॉकहोम सारखेच वाटतील.