विशिष्ट ऊर्जा आलेख व कालव्याच्या तळातील उंचवटा

उघड्या कालव्यातील पाण्याची ऊर्जा कालव्याच्या तळापासून मोजली म्हणजे तिला विशिष्ट ऊर्जा असे म्हणतात. पाण्याची खोली व वेगामुळे मिळणारा शीर्ष यांची ती बेरीज होय. ही कल्पना रशियन अभियंते बोरिस बाखमेतेव्ह यांनी 1912 च्या सुमारास मांडली. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर 1932 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथामुळे ती सर्वत्र रूढ झाली.

रुंदीच्या दर मीटरमागील प्रवाह q कायम धरून E = y + q²/2gy² हा आलेख काढल्यास त्याला दोन शाखा येतात. एकीवर पाणी खोल व संथ, तर दुसरीवर उथळ व वेगवान असते. दोन्ही जेथे मिळतात तेथे ऊर्जा किमान असते. तेथील खोली ती क्रांतिक खोली.

धामणी धरणातून सोडलेले सूर्या नदीचे पाणी कवडास बंधाऱ्यापासून कालव्यांत वळविले जाते. तशा एखाद्या कालव्याचे उदाहरण कल्पू. रुंदी 3 मी., प्रवाह सेकंदाला 4.5 घ. मी. व खोली 1.20 मी. असल्यास विशिष्ट ऊर्जा 1.28 मी. होते. क्रांतिक खोली 0.61 मी. व किमान ऊर्जा तिच्या दीडपट, म्हणजे 0.92 मी. येते. तळात 20 सेंमी. उंचवटा केला, तर ऊर्जा तेवढीच घटून 1.08 मी. उरते आणि आलेखावरून खोली 0.95 मी. मिळते. म्हणजे उंचवट्यावर पाण्याची पातळी चढण्याऐवजी सुमारे 5 सेंमी. खाली येते. नवख्यास हे खरे वाटत नाही. उंचवटा 36 सेंमी. झाला की क्रांतिक अवस्था येते. तो 50 सेंमी. केल्यास मात्र आहे त्या ऊर्जेत पाणी पलीकडे जाऊ शकत नाही. वरच्या बाजूला ते सुमारे 16 सेंमी. तुंबते आणि 1.36 मी. खोलीस नवा समतोल साधला जातो.

हे तुंबणे कालव्याच्या काठास धोक्याचे असले, तरी मोजणीस मोलाचे आहे. उंचवट्यावर क्रांतिक खोली असता खालच्या बाजूच्या पातळीचा परिणाम वर पोहोचत नाही; म्हणून वरच्या बाजूची एकच पातळी वाचून प्रवाह कळतो (q = 1.7H^1.5, H ही उंचवट्याच्या माथ्यापासून मोजलेली ऊर्जा). मुंबई इलाख्यात क्लॉड इंग्लिस यांनी या तत्त्वावरील स्थिर-लहरी मापन नालीचा अभ्यास करून त्यावर 1928 मध्ये टिपण प्रसिद्ध केले. 1916 मध्ये इलाख्याने सुरू केलेल्या ज्या संशोधनकार्यातून खडकवासल्याचे केंद्र वाढले, त्याच्याशी त्यांचे नाव निगडित आहे.

मोजणी बरोबर आहे की नाही, हे काठावरून ओळखता येते. उंचवट्याच्या पुढे फेसाळ, एकाच जागी उभी राहणारी लहर दिसली पाहिजे. खालच्या बाजूला गाळ किंवा पाणवनस्पती साचून पातळी चढली की ही लहर बुडते. मग पट्टीवरील आकड्यावरून काढलेला प्रवाह प्रत्यक्षाहून अधिक येतो व शेतकऱ्याच्या नावे न मिळालेले पाणी लागते. शिवाय उंचवटा आखूड व माथा वक्र असेल, तर प्रवाहरेषा वाकतात आणि वरील साधे सूत्र पुरत नाही. प्रत्यक्ष मोजणीवरून गुणांक ठरवावा लागतो.