फ्रँकलिनच्या भांड्यातले शून्य

बेंजामिन फ्रँकलिनने 1755 मध्ये चार्ल्सटनच्या डॉ. जॉन लायनिंग यांना एका प्रयोगाविषयी लिहिले. त्याने चांदीचे भांडे विद्युतभारित केले आणि रेशमी धाग्याला बांधलेली बुचाची गोळी त्यात सोडली. बाहेरून ओढली जाणारी ही गोळी आत कुठल्याच भिंतीकडे झुकेना. तळाला टेकवून वर काढली, तरी तिच्यावर भार आलेला नव्हता. याचे कारण आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने मोकळेपणाने कळवले.

फ्रँकलिनच्या सांगण्यावरून जोसेफ प्रीस्टलीने हा प्रयोग पुन्हा केला. पोकळ गोलाच्या आत गुरुत्वाकर्षण शून्य असते, हे न्यूटनने दाखवले होते आणि त्यामागे अंतराच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणाचा नियम होता. विद्युतबलही तोच नियम पाळत असावे, असा तर्क प्रीस्टलीने 1767 च्या ग्रंथात मांडला. एका रिकाम्या भांड्यातून निसर्गाचा एवढा मोठा नियम हाती लागावा, हे खरोखर थक्क करणारे आहे.

मात्र भार भांड्यावर नसून बाहेर, समजा डावीकडे, ठेवलेला असेल तर? धन भार जवळ येताच धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन डावीकडे सरकतात आणि उजव्या बाजूला धन भार उरतो. धातूच्या आतले क्षेत्र शून्य होईपर्यंत ही सरकासरकी चालते आणि क्षणार्धात संपते. बाहेरच्या भाराचे क्षेत्र पोकळीपर्यंत पोहोचतच नाही, असा समज अनेकांचा असतो, पण तो चुकीचा आहे. ते तिथे असतेच. बाह्य पृष्ठावर साचलेल्या भारांचे क्षेत्र त्याला नेमके खोडून काढते.

पण धातूत क्षेत्र शून्य म्हणून पोकळीतही शून्य कसे? पोकळीच्या भिंतीवर एकीकडे धन आणि दुसरीकडे ऋण भार साचला आहे, असे क्षणभर मानू. मग एकापासून दुसऱ्यापर्यंत क्षेत्ररेषा जाईल. तिच्यावरून एखादा छोटा धन भार नेला तर ऊर्जा मिळेल, आणि धातूतून परत आणायला काहीच खर्च होणार नाही, कारण तिथे क्षेत्र नाही. म्हणजे प्रत्येक फेरीला फुकट ऊर्जा! ते अशक्य आहे. म्हणून रिकाम्या पोकळीच्या भिंतीवर भार साचत नाही आणि आत क्षेत्रही उरत नाही. भांड्याचा आकार कसाही असला तरी हे खरे ठरते.

मायकेल फॅरडेने 1836 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 12 फूट बाजूंचा घन उभारला. लाकडी चौकटीला तांब्याची तार, कागद आणि कथलाचा पत्रा लावून तो जमिनीपासून विलग ठेवला. यंत्राने तो इतका भारित केला की बाहेरून ठिणग्या उडू लागल्या. फॅरडे स्वतः आत गेला. त्याच्याजवळच्या विद्युतमापकांना काहीही जाणवले नाही.

हे संरक्षण एकतर्फी आहे. भार पोकळीच्या आत ठेवला तर आत क्षेत्र असतेच, आणि भांडे जमिनीला जोडलेले नसेल तर त्याचा परिणाम बाहेरही दिसतो. 1843 मध्ये फॅरडेने विलग ठेवलेल्या बादलीत भारित गोळा सोडला, तेव्हा बाहेरच्या विद्युतदर्शकाची सोन्याची पाने फाकली होती.