जलकाठिण्य अनुमापनातील त्रुटिमूल्यमापनाचे प्रश्न

जलकाठिण्य अनुमापनातील त्रुटिमूल्यमापनाचे प्रश्न हे रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक अहवालातील असे प्रश्न होत, ज्यांत विद्यार्थ्याने आपल्या उत्तरात त्रुटी कोठून आली, ती किती आहे व तिने उत्तर वाढले की घटले हे सांगावयाचे असते. यवतमाळ जिल्ह्यात वणी-मुकुटबन परिसरात चुनखडक आढळतो. अशा खडकातून झिरपलेले पाणी कठीण असते. त्यामुळे या प्रयोगासाठी विहिरीचे पाणी हा सहज मिळणारा नमुना ठरतो.

प्रयोगात ५० मिली पाण्यात अमोनिया बफर घालून सामू १० च्या आसपास आणतात. एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक टाकून ०.०१ मोलर ईडीटीए द्रावणाने द्राक्षलाल रंग निळा होईपर्यंत अनुमापन करतात.

== अनिश्चिततेची आकडेमोड ==

समजा, १८.४ मिली ईडीटीए लागले. काठिण्य कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात ३६८ मिग्रॅ प्रतिलिटर येते. ब्युरेटवरील लहानात लहान भाग ०.१ मिलीचा असल्याने प्रत्येक वाचनात ±०.०५ मिली अनिश्चितता धरतात. आरंभीचे व अखेरचे अशी वाचने दोन असतात, म्हणून एकूण ±०.१ मिली, म्हणजे सुमारे ०.५ टक्के. दुसरे वाचन विसरणे ही येथील नेहमीची चूक आहे. पिपेटची अनिश्चितता ±०.१ मिली असल्यास तिचे ०.२ टक्के मिळवून उत्तर ३६८ ± ३ मिग्रॅ प्रतिलिटर असे लिहितात.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील काठिण्याची स्वीकार्य मर्यादा २०० मिग्रॅ प्रतिलिटर आहे. ३६८ हे उत्तर तिच्यापलीकडे आहे, यात शंका उरत नाही. मात्र १९८ ± ३ असे उत्तर आल्यास पाणी मर्यादेत आहे असे ठामपणे म्हणता येत नाही.

== त्रुटीची दिशा ==

‘मानवी चूक’ एवढेच उत्तर अपुरे असते, कारण त्यातून परिणाम कळत नाही. ब्युरेट ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन ईडीटीएने खंगाळली नाही, तर द्रावण विरल होते, ते अधिक लागते आणि काठिण्य वाढीव दिसते. शंकुपात्र नमुन्याच्याच पाण्याने खंगाळल्यासही तसेच घडते. तेथे ऊर्ध्वपातित पाणी राहिले तर मात्र बिघडत नाही, कारण त्याने कॅल्शियमचे प्रमाण बदलत नाही.

बफर घातल्यावर वेळ दवडल्यास अतिकठीण पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू लागतो. तेव्हा अंत्यबिंदू लवकर येतो आणि काठिण्य कमी भरते. निळा झालेला रंग थोड्या वेळाने पुन्हा लालसर होणे ही त्याची खूण. उपाय म्हणून २५ मिली नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने ५० मिली करतात व बफर घातल्यापासून पाच मिनिटांत अनुमापन संपवतात.

तीन वाचने जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असा समज अनेक अहवालांत दिसतो. ईडीटीएची तीव्रताच चुकीची धरली असेल, तर तिन्ही वाचने तंतोतंत जुळूनही चुकीचीच राहतात. ही त्रुटी प्रमाणित कॅल्शियम द्रावणाशी अनुमापन केल्यावरच उघड होते.