एका डॉलरचे खोटे: मन स्वतःची समजूत कशी घालते?

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ अफवा उठल्या: याहून मोठा धक्का बसणार, पूर येणार. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी त्या गोळा केल्या. धक्का जाणवला, पण पडझड झाली नाही, अशा भागातही त्या पसरल्या होत्या. हे वाचून लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की आधीच घाबरलेली माणसे आणखी भीतीदायक गोष्टी का मानतात? त्याला सापडलेले उत्तर असे: भीती मनात होती, पण आजूबाजूला तिला साजेसे काहीच दिसत नव्हते. अफवेने त्या भीतीला कारण पुरवले.

यातूनच १९५७ साली त्याने 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स', म्हणजे विचारांमधील विसंगतीचा सिद्धांत मांडला. आपल्याच दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसतील, तर मन अस्वस्थ होते आणि त्यातली जी बदलणे सोपे, ती बदलते. केलेली कृती मागे घेता येत नाही; मत मात्र बदलता येते.

१९५९ मध्ये त्याने आणि कार्लस्मिथने हे तपासले. विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणे काम दिले: ट्रेमध्ये रिळे भरायची, रिकामी करायची, मग ४८ खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवायच्या. नंतर काहींना विनंती केली, की बाहेर थांबलेल्या मुलीला 'काम मजेदार आहे' असे सांगा. त्यासाठी काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. शेवटी सर्वांना विचारले, काम खरेच कसे वाटले? उणे ५ ते अधिक ५ या मापावर, खोटे न बोललेल्यांची सरासरी उणे ०.४५ आली, २० डॉलरवाल्यांची उणे ०.०५ आणि १ डॉलरवाल्यांची अधिक १.३५.

२० डॉलरवाल्याकडे खोटे बोलायला कारण होते. १ डॉलरवाल्याकडे ते नव्हते, म्हणून त्याने कामच आवडून घेतले. डॅरिल बेम यांनी १९६७ मध्ये वेगळा अर्थ लावला: यात अस्वस्थता नसेलही, माणूस स्वतःच्या वागण्यावरून स्वतःचे मत ताडत असेल. वाद पुढे बराच चालला.

फेस्टिंगरने स्वतः दिलेले उदाहरण सिगारेट ओढणाऱ्याचे आहे. धोका माहीत आहे आणि सवय सुटत नाही. मग 'सोडली तर वजन वाढेल', 'रस्त्यावर अपघातानेही माणसे मरतातच' ही कारणे येतात. दवाखान्यात ती रोज ऐकू येतात आणि ती सांगणारा लबाड नसतो.

तुमचे स्वतःचे तपासायचे असेल, तर एवढेच पाहा: ही कारणे निर्णयाआधी सुचली होती, की नंतर? आणि कोणी विचारलेले नसताना तुम्ही ती कोणाला सांगता आहात?