ग्रंथपरीक्षण (स्वाध्याय)

ग्रंथपरीक्षण हा शाळा-महाविद्यालयांतील भाषाविषयात दिला जाणारा लेखनप्रकार आहे. अभिजात कादंबरीवरील परीक्षणात कथानक, आशयसूत्र आणि व्यक्तिरेखांचा विकास या तीन अंगांचा विचार ठरावीक शब्दमर्यादेत करावयाचा असतो. वृत्तपत्रातील परीक्षण नव्या पुस्तकाची ओळख करून देते, म्हणून त्यात शेवट सहसा उघड केला जात नाही. स्वाध्यायात मात्र परीक्षकाने कादंबरी वाचलेली असते. त्यामुळे शेवटाची चर्चा टाळल्यास लेखन अपुरे ठरते.

## शब्दमर्यादेचा परिणाम

या लेखनातील सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे कथानकाचा विस्तार. पाचशे शब्दांपैकी चारशे शब्द गोष्ट सांगण्यात संपले की आशयसूत्र आणि व्यक्तिरेखा एकेका वाक्यात उरकल्या जातात. असे लेखन परीक्षण न राहता सारांश होते. म्हणून लेखनापूर्वी कादंबरीविषयीचे एक मध्यवर्ती विधान निश्चित करतात आणि त्याला आधार देणारेच प्रसंग निवडतात. पाचशे शब्दांची एक व्यवहार्य विभागणी अशी असते: परिचय व विधान ६०, कथानक १२०, आशयसूत्र १२०, व्यक्तिरेखा १३० आणि मूल्यमापन ७०.

## उदाहरण: बनगरवाडी

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची *बनगरवाडी* ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला तरुण शिक्षक तिचा निवेदक आहे. कादंबरी प्रसंगांच्या मालिकेतून पुढे सरकते, त्यामुळे सर्व प्रसंग सांगू पाहणारा विद्यार्थी हमखास शब्दमर्यादा ओलांडतो.

येथे मध्यवर्ती विधान असे करता येते: ‘गावाशी नाते जोडण्यात मास्तर यशस्वी होतो, परंतु त्या नात्याला निसर्गापासून वाचवणे त्याच्या हाती नाही.’ हे विधान ठरल्यावर कथानकातील चार टप्पे पुरेसे होतात: मास्तरचे आगमन व ओस पडलेली शाळा, कारभाऱ्याच्या मदतीने जमलेली मुले, गावाने श्रमदानातून उभारलेली तालीम, आणि दुष्काळाने रिकामी झालेली वाडी.

आशयसूत्र म्हणजे विषय नव्हे. ‘दुष्काळ’ हा विषय झाला. ‘माणसांनी एकत्र येऊन उभे केलेले गाव पाऊस न पडल्याने विखुरते’ हे सूत्र झाले. विषय एका शब्दात सांगता येतो, तर सूत्र मांडण्यासाठी पूर्ण विधान करावे लागते. या सूत्राचा पुरावा तालमीच्या प्रसंगात मिळतो. ती इमारत गावाच्या एकीची खूण आहे. परंतु माणसे मेंढरे घेऊन परमुलखात गेल्यावर ती वापरायला कोणी उरत नाही.

व्यक्तिरेखेच्या विकासासाठी ‘मास्तर प्रेमळ आहे’ यासारखी विशेषणे उपयोगी पडत नाहीत. एकाच पात्राच्या दोन वेळच्या वागण्याची तुलना करावी लागते. प्रारंभी मास्तर शाळा चालेल की नाही या चिंतेत असलेला परका तरुण आहे. पुढे तो गावकऱ्यांची लहानमोठी कामे करू लागतो आणि त्यांच्या सुखदुःखांत ओढला जातो. कारभाऱ्याचा प्रवास वेगळा आहे: मास्तरला आधार देणारा हा म्हातारा, त्याची मुलगी अंजी हिच्यावरून गैरसमज झाल्यावर त्याच्यापासून दुरावतो. या दुराव्यामुळे मास्तरचे गावातील स्थान किती नाजूक आहे हे उघड होते. आयबू, आनंदा रामोशी, शेकू ही पात्रेही लक्षणीय आहेत. मात्र मर्यादित शब्दांत सर्वांची नावे घेण्यापेक्षा दोघांचा नीट विचार करणे श्रेयस्कर ठरते.

## नेहमीच्या चुका

* निवेदक आणि लेखक यांची गल्लत: *बनगरवाडी* प्रथमपुरुषी निवेदनात असल्याने ‘माडगूळकर वाडीत येतात’ असे लिहिले जाते. वाडीत येतो तो निवेदक, म्हणजे राजाराम हा मास्तर. लेखक औंध संस्थानातील माडगुळे गावचे असले तरी दोघांना एक मानता येत नाही.
* आधारहीन मूल्यमापन: ‘कादंबरी वाचनीय आहे’ हे वाक्य कोणत्याही पुस्तकाला लागू पडते. ‘प्रसंग सुटे असूनही एकच निवेदक त्यांना बांधून ठेवतो’ हे वाक्य त्याच कादंबरीविषयी बोलते. पुस्तकाचे नाव बदलूनही वाक्य खरे राहत असेल, तर ते वगळता येते.

## लांबी कमी करणे

मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘शाळेसमोर’ हा एकच शब्द मोजला जातो. त्यामुळे अव्यये गाळून लांबी फारशी कमी होत नाही. मसुदा लांबल्यास प्रत्येक प्रसंग मध्यवर्ती विधानाशी ताडून पाहतात आणि ज्याच्यावाचून विधान उभे राहते तो प्रसंग पूर्ण काढून टाकतात. वरील उदाहरणात संस्थानाधिपतींच्या भेटीचा प्रसंग आकर्षक असला तरी तो वगळता येतो. रिकाम्या वाडीचा प्रसंग वगळल्यास विधानाचा उत्तरार्धच निराधार होतो.