ईप्रचा वारा आणि कराराचे शब्द

१९१५ च्या वसंतात बेल्जियममधील ईप्र शहरापाशी दोन्ही सैन्ये खंदकांत रुतली होती. तोफांनी मार्ग मोकळा होईना, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी जर्मन सेनेला क्लोरीन वायू सुचवला. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत वाहत आपणच खंदकात उतरतो. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यात बंदी होती ती असे वायू पसरवणाऱ्या गोळ्यांवर. ही तर नळकांडी आहेत, असा जर्मनीचा युक्तिवाद. पाच हजारांहून अधिक नळकांडी पुरून अनुकूल वाऱ्याची वाट पाहिली गेली, आणि २२ एप्रिलच्या सायंकाळी ती उघडली.

क्लोरीन श्वासमार्गाच्या ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो. फुप्फुसे पाण्याने भरतात आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. पहिला उपाय होता सोडियम थायोसल्फेटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. फॉस्जीनपुढे तो अपुरा पडला, म्हणून १९१६ मध्ये इंग्रजांनी कोळसा भरलेल्या डब्याचा मुखवटा दिला. श्वास असा सुरक्षित झाला, तर जुलै १९१७ मध्ये मस्टर्ड आला. हा तेलकट द्रव कातडीच जाळतो, आणि फोड काही तासांनी उठत असल्याने लागण वेळेवर कळत नाही.

१९२५ च्या जिनिव्हा करारात गोळा की नळकांडे हा वादच उरला नाही. युद्धातला वापरच निषिद्ध झाला. मात्र वायू बनवणे आणि साठवणे मोकळे राहिले. करार मान्य केलेल्या इटलीने १९३५-३६ मध्ये इथिओपियात मस्टर्ड वापरला. साठ्यावरची बंदी १९९३ च्या करारापर्यंत लांबली.